टक्केवारीचा हिशेब

लखनौच्या महानगर भागातील एका उपाहारगृहात दोन मराठी मित्र जेवावयास बसले होते. एक शिक्षक, दुसरा कारकून. शिक्षकाने 120 रुपयांची डाळ-रोटी मागविली. कारकुनाने 240 रुपयांची बिर्याणी आणि तितक्याच किमतीचे गलावटी कबाब मागविले. पदार्थांचे 600 व पाच टक्के जीएसटीचे 30, असे 630 रुपयांचे बिल झाले.

“मी मागविले ते वीस टक्के. करासह माझे 126 रुपये,” शिक्षक म्हणाला.

“अरे, निम्मे कबाब तू खाल्लेस!” कारकून उसळला. “ते धरले तर तुझे चाळीस टक्के, म्हणजे 252 रुपये.”

“तू आग्रहाने वाढलेस म्हणून खाल्ले. त्या आग्रहाचीही किंमत लावणार?”

कारकून निरुत्तर झाला. कोणी काय मागविले, एवढेच टक्केवारी सांगते. ताटात पडलेला घास वाट्याचा की पाहुणचाराचा, हे तिला ठाऊक नसते.

शिक्षकाने मुकाट्याने 252 रुपये मेजावर ठेवले. कारकुनाने त्यांतील 126 परत सरकवले.

“कबाब माझ्याकडून,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी मात्र मागवितानाच ठरवू.”