तीन रकाने आणि एक कोरा रकाना

किनवटमध्ये आम्ही नवरा-बायको मराठी टायपिंग आणि मजकूर सुधारण्याचे काम करतो. लग्नपत्रिका, अर्ज, संस्थांचे अहवाल, वर्षातून एखादे पुस्तक. पत्रिकेच्या कामात वाद होत नाही, कारण तारीख चुकली तर ती सगळ्यांनाच दिसते. पुस्तकाचे तसे नसते. तिथे माणसाने आपली भाषा, आपला काळ ओतलेला असतो आणि त्यावर आपण लाल रेघा मारतो.

गेल्या वर्षी ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आठवणी आमच्याकडे आल्या. घरात दखनी, शिक्षण आणि नोकरी मराठीत. खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या हकिकती सुरेख होत्या. पहिल्या प्रकरणात आम्ही एक्केचाळीस ठिकाणी बदल सुचवले. प्रत परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने अडतीस वेळा ‘नको’ लिहिले होते. सर आम्हाला दोघांनाही ‘बेटा’ म्हणतात, त्यामुळे आवाज चढवण्याचा प्रश्नच नव्हता. पण एवढेच त्यांनी सुनावले, ‘बेटा, चाळीस वर्षे मी वह्या तपासल्या. आता माझी वही तुम्ही तपासता?’

या वाक्यातच अडचण कुठे आहे ते कळत होते. वर्डमधील Track Changes चालू करून काढलेल्या प्रतीत लेखकाचे वाक्य खोडलेले दिसते आणि आपले त्यावर चढलेले. संगणकावर काम करणाऱ्याला ती सोय वाटते. ज्याने जन्मभर लाल शाईने चुका दाखवल्या, त्याला तो निकाल वाटतो. म्हणून तीच दुरुस्ती आम्ही दुसऱ्या रूपात न्यायची ठरवली.

कागद आडवा धरून चार रकाने आखले. पहिल्यात सरांचे वाक्य, संपूर्ण, एकही अक्षर न खोडता. दुसऱ्यात सुचवलेले वाक्य. तिसऱ्यात कारण, दोन ओळींपेक्षा जास्त नाही. चौथा कोरा, त्यावर लिहिले, ‘तुमचा निर्णय’. अक्षर मोठे, कारण डोळ्यांना त्रास होतो आणि चष्मा काढ-घाल करणारा माणूस लवकर चिडतो. ‘अशुद्ध’, ‘चूक’ हे शब्द कारणात येऊ द्यायचे नाहीत. वाचणाऱ्याला काय समजेल, तेवढेच लिहायचे. ‘हे जास्त चांगले वाटते’ याशिवाय कारण सुचत नसेल, तर ती ओळ कागदावर घ्यायचीच नाही. या एका चाळणीने एक्केचाळीसपैकी नऊ ओळी घरीच गळाल्या.

मग एकाच प्रकारचे बदल एका ओळीत आणले. सर ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गति’ असे लिहितात. प्रत्येक ठिकाणी वेगळी खूण केली तर माणसाला सतरा वेळा ‘नको’ म्हणावे लागते, आणि सतराव्या वेळी तो रागावलेला असतो. एका ओळीत ते एकदाच ठरते. कारणही खरे ते लिहिले: हे लेखन चुकीचे नाही, जुने आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. तेव्हापासून मराठीत असे शब्द शेवटी दीर्घ लिहितात. सरांच्या गुरुजींनी त्यांना त्याआधीचे लेखन शिकवले होते. कारण वाचून ते हसले. ‘म्हणजे आमचे गुरुजी बरोबर होते.’ होतेच. चौथ्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिले, ‘नवीन करा.’

अनुस्वाराची ओळ थोडी अवघड होती. त्यांचे वाक्य होते, ‘त्या घरांत वीज नव्हती.’ जुन्या पद्धतीत हा अनुस्वार एका घरासाठीही लिहीत. आजचा वाचक मात्र ‘घरांत’ वाचले की अनेक घरे समजतो, आणि ‘त्या’ हा शब्द एकाला नि अनेकांना सारखाच. आम्ही कारणात विचारले, ‘घर एक की अनेक?’ सर म्हणाले, ‘एक. आमचेच.’ अनुस्वार त्यांच्या पेन्सिलीनेच गेला.

सगळे असे सुटले नाही. ‘पोरं झाडाखाली बसून राहिली होती’ असे त्यांनी लिहिले होते. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, तिकडची बोली आमच्याकडेही कानावर पडते. त्या बोलीत याचा अर्थ पोरे बसलेली होती, बस्स. पुण्याच्या वाचकाला वाटेल की उठायला सांगूनही पोरे बसूनच राहिली. संवादांना आम्ही हात लावलेला नव्हता; निवेदनापुरते ‘बसली होती’ सुचवले. सरांनी कारण नीट वाचले, मान डोलावली आणि लिहिले, ‘कळले. तरी असेच ठेवा.’ आम्ही समोरच ‘तसेच ठेवले’ अशी नोंद करून तारीख घातली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. नकार असा सहज पचला की पुढच्या ओळी माणूस मोकळ्या मनाने ऐकतो.

एका बैठकीत बारा ओळींच्या पुढे जायचे नाही, हेही ठरवले होते. थकलेला माणूस दोन गोष्टी करतो. एक तर सगळ्याला नको म्हणतो, किंवा ‘बरं, तुम्ही म्हणता तर’ असे म्हणून सगळ्याला हो म्हणतो. दुसरे जास्त धोक्याचे, कारण तो होकार नसतो. छपाईच्या आदल्या दिवशी तीच वाक्ये परत मागितली जातात. सलग तीन ओळींवर ‘तुम्ही म्हणता तर’ आले की आम्ही कागद गुंडाळतो आणि चहा घेतो.

एका ओळीबाबत मात्र आम्ही हटणार नव्हतो. सरांचे मूळ वाक्य असे: ‘हेडमास्तर व पाटील यांच्यात वर्गणीचा हिशेब झाला. त्यांच्याकडे एकशे वीस रुपये राहिले.’ मराठीत मान देताना आपण एकालाही ‘त्यांच्याकडे’च म्हणतो. मग पैसे हेडमास्तरांकडे, पाटलांकडे की दोघांकडे? आणि राहिले म्हणजे शिल्लक, की बुडवले? दोघेही हयात नाहीत, पण त्यांची मुले-नातवंडे त्याच गावात एकमेकांच्या शेजारी राहतात. पुस्तक त्यांच्या हाती जाणारच.

या ओळीत दुसरा रकाना आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला. काय घडले ते आम्हाला ठाऊक नव्हते, आणि अंदाजाने वाक्य घडवणे म्हणजे कुणाच्या तरी माथी पैसे मारणे. तिसऱ्या रकान्यात फक्त विचारले, ‘पैसे कोणाकडे, आणि पुढे त्यांचे काय झाले?’ आणि सरांना त्यांचे वाक्य मोठ्याने वाचायची विनंती केली.

त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. ‘पाटलांकडे! गावाला माहीत आहे,’ असे म्हणता म्हणता थांबले. ‘पण त्यांनी ठेवून थोडेच घेतले? त्यातून शाळेला दारे बसवली.’ हे मूळ मजकुरात कुठेच नव्हते. मग त्यांनी सांगितले आणि आम्ही रिकाम्या रकान्यात लिहून घेतले: ‘हिशेबानंतर उरलेले एकशे वीस रुपये पाटलांकडे ठेवायला दिले. त्या पैशांतून त्यांनी पुढे शाळेची दारे करून घेतली.’

हे वाक्य आमचे नाही, त्यामुळे ते मान्य करून घेण्याचा प्रश्न आला नाही. दुसऱ्या प्रकरणाचा कागद नेला तेव्हा सरांनी आधी दुसरा रकाना चाळला आणि विचारले, ‘या वेळी रिकामी जागा कुठे आहे?’