पाच टक्के व्याज, पण नेमके कशात?

जानेवारी 2021 मध्ये स्टेट बँकेत एका वर्षाच्या मुदत ठेवीवर 5 टक्के व्याज मिळत होते. समजा, धुळ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने तेव्हा एक लाख रुपये ठेवले. त्या महिन्यात देशातली किरकोळ महागाई 4 टक्क्यांच्या आसपास होती आणि पुढेही ती तेवढीच राहील, असे बाईंनी धरले. म्हणजे त्यांच्या अंदाजाने खरा व्याजदर पाच वजा चार, एक टक्का. वर्षभराने हाती 1,05,000 रुपये आले, पण जानेवारी 2022 पर्यंत महागाई 6 टक्क्यांवर गेली होती. आधी लाखात येणाऱ्या सामानाला आता 1,06,000 लागत होते. पासबुकातली रक्कम वाढली आणि तिची खरेदीची ताकद घटली. त्यात ज्यांच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो, त्यांना तो पूर्ण पाच हजारांवर भरावा लागतो. महागाईने खाल्लेला भाग त्यातून वजा होत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

2025 च्या जूनमध्ये उलटे घडले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर 5.5 टक्क्यांवर आणला, ठेवींचे दर उतरले आणि ठेवीदार हवालदिल झाले. पण महागाई 2 टक्क्यांजवळ आली होती. ती तिथेच राहील असे धरले, तर सहा टक्क्यांची ठेव चार टक्के खरे व्याज देणारी ठरत होती. 2021 च्या ठेवीपेक्षा ती कितीतरी चांगली.

कर्जदाराचे गणित याच सूत्राचे, पण महागाई कोणाची धरायची हा प्रश्न तिथे फार मोठा होतो. मार्च 2022 मध्ये जळगाव भागात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या घरात होता. समजा, एखाद्या शेतकऱ्याने त्या वेळी पतसंस्थेकडून 12 टक्क्यांनी एक लाख घेतले. देशातली महागाई तेव्हा 7 टक्क्यांच्या जवळ होती, म्हणून पुस्तकी हिशेबाने खरे व्याज पाचच टक्के. पण हा माणूस परतफेड कापूस विकून करणार होता. वर्षभरात भाव साडेसात हजारांपर्यंत घसरला, म्हणजे त्याच्या मालाची महागाई उणे पंचवीस टक्के. घेताना कर्ज दहा क्विंटलचे होते. फेडायचे 1,12,000 म्हणजे जवळजवळ पंधरा क्विंटल. भाव पुन्हा चढेल म्हणून अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता आणि तेवढ्या काळात व्याजाचे मीटर चालूच राहिले.

म्हणून कर्ज घेण्याआधी मी शेतकऱ्याला दराबरोबर आणखी एक आकडा काढायला सांगतो: भाव पाव हिश्शाने उतरला, तर हा हप्ता किती क्विंटलांचा होईल? तेवढा कापूस त्याच्या शेतात पिकत नसेल, तर कर्जाची रक्कम तिथेच कमी करावी लागते.