एकच अर्ज ठेव, चिमणे

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू विचारलंस, "मामा, पोलीस भरतीला गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्हीकडे फॉर्म टाकू का?" रेंज गेली आणि माझं उत्तर अर्ध्यावरच राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या बँकेच्या फॉर्मचं बोलतो. तो पावसाळा आठवतो ना? पर्लकोटा चढलेली, भामरागडचा रस्ता बंद, आणि तू तेंदूपत्त्याच्या मजुरीतून बाजूला ठेवलेले पैसे घेऊन लिपिक भरतीचा फॉर्म भरायला बसलेली. अनुसूचित जमातीचे 175 रुपये खात्यातून गेले आणि नेट बंद पडलं. पावती आलीच नाही. पाणी ओसरल्यावर तू आलापल्लीला गेलीस, काकाचा मोबाईल नंबर देऊन दुकानदाराकडून पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरून घेतलास. या वेळी 850 कापले गेले. तू मला तेव्हा का नाही सांगितलंस, पोरी? 850 म्हणजे खुल्या वर्गाचं शुल्क. भरणाऱ्याने घाईत वर्ग चुकवला होता, आणि तो आकडाच ते ओरडून सांगत होता.

तुला वाटलं, पहिला फॉर्म गेला. गेला नव्हता. पैसे पोचले होते, अर्ज पूर्ण झाला होता. नंबर वेगळा दिला म्हणून माणूस वेगळा होत नाही. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि फोटो तेच राहतात, आणि जुळणी त्यांचीच होते. बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचा नियम असा की एकाच उमेदवाराचे अनेक अर्ज असले तर शेवटचा वैध, म्हणजे शुल्कासह पूर्ण झालेला अर्ज राहतो. आधीचे रद्द, त्यांचं शुल्कही गेलं. बरोबर कोणता, चुकीचा कोणता, हे कोणी पाहत नाही. तुझा बरोबर भरलेला अर्ज बाद झाला आणि चुकीचा टिकला. आलापल्लीला 850 भरायच्या आधी थांबली असतीस, तर तो दुसरा अर्ज अपूर्णच राहिला असता आणि पहिला वाचला असता. तेव्हा अर्ज मुदतीत गेला की वर्ग पुढे बदलून मिळत नव्हता. प्रवेशपत्रावर 'खुला' वाचून तू जी गप्प बसलीस, ते मला अजून टोचतं. तुझ्यावर रागावलो, खरं म्हणजे तेव्हा शेजारी बसायला हवं होतं ते मी.

पण 'शेवटचा राहतो' हे पाठ करून ठेवू नकोस. रेल्वेत तसं नाही. तिथे एकाच जाहिरातीला दोन अर्ज केले तर सगळेच बाद होतात, पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. तिथे चूक झाली तर दुरुस्तीच्या मुदतीत 250 रुपये भरून तोच अर्ज सुधारायचा. मात्र खातं उघडताना दिलेली माहिती आणि निवडलेलं भरती मंडळ बदलत नाही. तिथेच पोरं घाबरतात, दुसरं खातं उघडतात आणि होता तो अर्जही घालवतात.

आता तुझा प्रश्न. पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असतो. शिपाई म्हणून गडचिरोली किंवा चंद्रपूर, दोन्ही नाही. शिपाई आणि चालक ही पदं वेगळी, म्हणून त्यांचे अर्जही वेगळे चालतात. 2024 च्या भरतीत बऱ्याच जणांनी एकाच पदासाठी अनेक जिल्ह्यांत अर्ज टाकले होते. मग त्यांच्याकडून कोणता एक ठेवायचा याचं हमीपत्र घेतलं गेलं. पुढच्या वेळी ती सवलत मिळेलच असं धरून चालू नकोस. आणि तुला चंद्रपूर कशाला? गडचिरोलीत गोंडी-माडियाचा वेगळा पेपर असतो. आजीशी तू ज्या भाषेत भांडतेस, तिचे गुण तुला दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात मिळणार?

फॉर्म भरताना एवढं कर. नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड मिळाला की लगेच वहीत लिही, पैसे भरायच्या आधी. दुकानदाराचा नाही, स्वतःचा मोबाईल नंबर दे. पैसे कापले गेले आणि पावती नाही आली, तर नवा फॉर्म उघडायचा नाही. त्याच क्रमांकाने आत शिरून शुल्काची स्थिती बघ. अडकलेला व्यवहार फसला असेल तर पैसे बहुतेक वेळा काही दिवसांत परत येतात. मुदत संपत आली असेल तर त्याच अर्जात पुन्हा भर. दोनदा गेलेलं शुल्क परवडतं, दोन झालेले अर्ज नाही. आणि भरायच्या रकमेकडे बघ, वर्ग बरोबर पडलाय का ते तिथेच कळतं.

ताईला सांग, रविवारच्या एसटीने येतो. तोवर सबमिट दाबू नकोस.

तुझा,
मामा