थांब म्हटल्यावर किती थांबायचं

सर्व्हरकडून ४२९ आला की क्लायंट लिहिणारे बहुतेक जण वैतागतात. मी बरीच वर्षं सर्व्हरच्या बाजूला बसलो आहे, आणि मला हा आकडा सभ्य वाटतो. ५०३ म्हणजे सर्व्हर स्वतः अडचणीत आहे. ४२९ म्हणजे सर्व्हर ठीक आहे, तूच जास्त विचारतो आहेस. हा फरक नीट सांगणारा कोड प्रमाणात आला तो एप्रिल २०१२ मध्ये, मार्क नॉटिंगहॅम आणि रॉय फील्डिंग यांच्या `RFC 6585` मधून. त्यात मर्यादा कशी मोजायची, ग्राहक कसा ओळखायचा, हे मुद्दाम मोकळं सोडलं आहे. सोबत `Retry-After` हेडर पाठवता येतो, एवढंच म्हटलं आहे. पाठवलाच पाहिजे असं नाही.

या हेडरमध्ये एक तर तारीख-वेळ लिहितात, नाही तर सेकंद. मी नेहमी सेकंद लिहितो. तारीख वाचायची तर क्लायंटचं घड्याळ बरोबर हवं, आणि दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवण्याचा मला अनुभव चांगला नाही. सेकंदांत अपूर्णांक चालत नाही, म्हणून पूर्णांक वरच्या बाजूला करायचा. ५६.६ सेकंद उरले असताना खाली करून ५६ सांगितले, तर आज्ञाधारक क्लायंट मर्यादा मोकळी होण्याआधीच दारात येतो. तेव्हा ०.६ सेकंद उरलेले असतात आणि त्यांचं खाली करून होतं शून्य. मग तो प्रामाणिकपणे शून्य सेकंद थांबून पुन्हा विचारतो, पुन्हा शून्य मिळतं, आणि अर्ध्या सेकंदात लॉगमध्ये ४२९ ची रांग लागते.

पण याहून मोठा घोटाळा हेडर अचूक असताना होतो. रात्री पार्सलांची स्थिती विचारणारा एक जॉब होता, त्याचं उदाहरण घेतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत. खात्याला मिनिटाला ६०० रिक्वेस्टची मर्यादा, आणि मोजणी घड्याळाच्या मिनिटागणिक शून्यापासून. जॉबचे ४० वर्कर, सगळे एकाच किल्लीवर. एका रिक्वेस्टला साधारण २०० मिलिसेकंद लागत, म्हणजे एक वर्कर सेकंदाला ५ आणि सगळे मिळून २००. मिनिट सुरू झाल्यावर तीन सेकंदांत ६०० संपत. मग चाळीसही जणांना एकच उत्तर: `Retry-After: 57`. सगळे सज्जन, सगळे बरोबर ५७ सेकंद थांबत आणि पुढच्या मिनिटाच्या पहिल्या क्षणी एकत्र येत. दवाखान्यातल्या कंपाउंडरने सगळ्या पेशंटना "सहा वाजता या" असं सांगावं, तसा प्रकार.

गंमत अशी की जॉबचं काही अडत नव्हतं. मिनिटाला ६०० ठरले होते, ६०० मिळत होते. त्यामुळे जॉबवाल्यांची तक्रार नव्हती. तक्रार मागच्या डेटाबेसची होती. सेकंदाला सरासरी १० रिक्वेस्ट येतील असं धरून तो उभा केला होता. त्याच्यावर तीन सेकंद २०० चा मारा आणि पुढे ५७ सेकंद शुकशुकाट. मिनिटांच्या सरासरीचा आलेख सपाट दिसतो, त्यामुळे हे मिनिटांच्या आलेखात कधीच सापडत नाही. सेकंदांचा आलेख काढला की दर मिनिटाला एकेक सुळका उभा दिसतो.

इथे जिटर लागतो, म्हणजे थांबण्याच्या वेळेत मुद्दाम घातलेला यादृच्छिक फरक. कल्पना जुनी आहे. एकाच तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली तर दोघांनी थांबायचं, आणि किती थांबायचं ते वाढत्या मर्यादेतून यादृच्छिक निवडायचं, ही रीत इथरनेटमध्ये सुरुवातीपासून आहे. आपल्या क्षेत्राने त्यातलं दुप्पट करणं उचललं आणि यादृच्छिक निवडणं वाटेत सांडलं. १, २, ४, ८ सेकंद असं दुप्पट थांबणारे चाळीस वर्कर एकत्र पडले तर एकत्रच उठतात. त्यांच्या गर्दीतलं अंतर फक्त वाढत जातं. ॲमेझॉनच्या मार्क ब्रूकर यांनी २०१५ मध्ये वेगवेगळे प्रकार तुलनेसाठी मांडले. त्यातला मला आवडतो तो फुल जिटर: शून्यापासून वाढत्या मर्यादेपर्यंत कुठलाही आकडा. शून्यही निघू शकतो हे पाहून लोक दचकतात. पण एखादा लगेच आला तरी बिघडत नाही, सगळे लगेच आले तर बिघडतं.

मात्र `Retry-After` आलेला असेल तेव्हा फुल जिटर तसाच वापरू नये. सर्व्हरने ५७ सांगितले तर ५७ ही खालची हद्द. जिटर त्याच्यावर चढवायचा, त्यातून कापायचा नाही.

```python
def wait_seconds(attempt, retry_after=None):
    if retry_after is not None:
        return retry_after + random.uniform(0, SPREAD)
    return random.uniform(0, min(CAP, BASE * 2 ** attempt))
```

`SPREAD` किती ठेवायचा? लोक एक-दोन सेकंद ठेवतात आणि जिटर घातल्याचं समाधान मानतात. वरच्या उदाहरणात पूर्ण ६० ठेवून पाहू. चाळीस वर्कर मिनिटभर विखुरले, म्हणजे सरासरी दीड सेकंदाला एक जागा होतो. पण जागा झालेला वर्कर परत सेकंदाला ५ च्या वेगाने पळू लागतो. बेरीज केली तर ६०० रिक्वेस्ट साधारण १९ सेकंदांत संपतात. तीनाचे एकोणीस झाले, सुळक्याची टेकडी झाली. पण उरलेल्या एक्केचाळीस सेकंदांत जो जागा होईल त्याच्या हाती ४२९ च.

म्हणून माझं मत असं की जिटर फक्त एकत्र येणं मोडतो. मागणीच जास्त असेल तर तिथे त्याचं काही चालत नाही. चाळीस जणांनी मिळून सेकंदाला १० च मागायचे असतील तर प्रत्येकाने चार सेकंदांत एकच रिक्वेस्ट करायला हवी, आणि हे भान ४२९ येण्याआधीच हवं. चाळिसांत सामायिक अशी एक टोकन बकेट ठेवायची, सेकंदाला ९ टोकन भरायची, टोकन मिळालं तरच रिक्वेस्ट सोडायची. मिनिटाला ५४० झाल्या, साठ हातच्या राहिल्या. बकेटची खोली लहान ठेवा, नाही तर साचलेली टोकनं एकदम उधळली जातात आणि पुन्हा तोच सुळका.

आणखी एक पाहून ठेवावं. क्लायंट लायब्ररी स्वतः पुन्हा प्रयत्न करते का? पायथनची `urllib3` पुन्हा प्रयत्न करताना `Retry-After` आपणहून पाळते. तिच्यावर तुमचं फंक्शन, त्याच्यावर जॉब चालवणारी यंत्रणा, आणि तिन्ही पातळ्यांवर चार-चार प्रयत्न असतील तर एका कामामागे चौसष्ट रिक्वेस्ट जाऊ शकतात. पुन्हा प्रयत्न एकाच पातळीवर ठेवा. आणि हेडरमध्ये काही तासांचा आकडा आला तर ती दिवसाच्या कोट्याची गोष्ट असते. वर्करला झोपवून ठेवू नका, काम रांगेत परत टाका.

तुमच्याकडे असा जॉब असेल तर आज लॉगमधले ४२९ सेकंदागणिक मोजून पाहा. ते मिनिटाच्या ठरावीक सेकंदांवर गोळा झालेले दिसले तर आधी जिटर घाला. मिनिटभर पसरलेले दिसले तर जिटरला हात लावू नका, वेग कमी करा.