पत्रिका जुळत नाही

ठरवून होणाऱ्या लग्नांत नकार कळवण्याची एक रीत पडून गेली आहे. मुलगी पसंत नसो, मुलाचा पगार कमी वाटो की घर लहान वाटो, मध्यस्थाकरवी निरोप एकच जातो: ‘पत्रिका जुळत नाही.’ पत्रिका बहुधा कांदेपोह्यांच्या आधीच पाहून झालेली असते आणि हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. तरी कोणी ती पुन्हा काढून बसत नाही. नकार पोहोचतो, कारण झाकलेलं राहतं, आणि समोरच्यांना दुसरं स्थळ पाहायची मोकळीक मिळते. या खोट्याने विश्वासाला धक्का लागत नाही असं मी मानतो, कारण समोरचं घर ज्या गोष्टीच्या भरवशावर पुढचं पाऊल टाकणार, ती गोष्ट, म्हणजे नकार, खरीच असते. त्याच बैठकीतून उठताना म्हटलं जाणारं दुसरं वाक्य पाहा: ‘घरी बोलून कळवतो.’ जिना उतरेपर्यंत नकार ठरलेला असतो, पण तोंडावर सांगायला जीव धजत नाही. हे वाक्य ऐकायला जास्त मऊ, पण त्याच्या भरवशावर ते घर तीन आठवडे फोनची वाट पाहतं आणि मधे आलेल्या स्थळाला थांबवून ठेवतं. निरुपद्रवी वाटणारं खोटं मोजावं ते याच मापाने: ऐकणारा त्यावर विसंबून काही करणार आहे का?

या मापाला अभ्यासाचाही आधार आहे. एमा लेव्हिन आणि मॉरिस श्वाइट्झर या अमेरिकन संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की दुसऱ्याच्या भल्यासाठी खोटं बोलणाऱ्याबद्दल ‘हा माझं वाईट करणार नाही’ हा विश्वास वाढतो. पण ‘हा म्हणतो ते खरं असतं’ हा विश्वास कमी होतो. आपण दोन्हींना विश्वासच म्हणतो, म्हणून एकाची किंमत दुसऱ्यातून वळती होते हे लक्षात येत नाही. आपल्यावर माया करणारी माणसं पुष्कळ असतात. ज्यांच्या शब्दावर निर्णय घ्यावा अशी मोजकीच.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. होळीच्या पंगतीत कोणी पुरणपोळी वाढते. पुरण काठापर्यंत पोहोचलेलं नाही, कडा कोरड्या राहिल्या आहेत. तरी सगळे म्हणतात, ‘अप्रतिम!’ सकाळपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला त्या क्षणी हेच ऐकू यावं. तिथे कडांची चिकित्सा करणं हा उद्धटपणा झाला. पण महिन्याभराने तीच विचारते, ‘ऑर्डरी घ्यायला सुरुवात करू का?’ आता तेच ‘अप्रतिम’ पुन्हा म्हणणं म्हणजे तिला तोट्यात ढकलणं. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ते फक्त दुसऱ्यांदा येत नाही. कारण सांगायचं काम ओळखीच्यांचंच होतं आणि त्यांनी ते टाळलेलं असतं. ‘पुरणाची चव छान आहे, पण ते काठापर्यंत जात नाही, तेवढं जमलं की घे’, या वाक्यात माया आणि खरेपणा दोन्ही राहतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला कान्टचा. कोणत्याही चांगल्या हेतूने खोटं बोलण्याचा हक्क नाही, असं त्याने 1797 सालच्या एका निबंधात मांडलं. पण कान्टचा भर आपण केलेल्या विधानावर आहे. ‘पत्रिका जुळत नाही’ हे आता ग्रहांबद्दलचं विधान उरलेलंच नाही, तो दोघांना कळणारा नकार आहे. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: ऐकणारा आपल्या शब्दाचं पुढे काय करणार, हे बोलणाऱ्याला कसं कळावं? खरंच, पुष्कळदा कळत नाही. शिवाय ‘त्याला वाईट वाटू नये’ म्हणताना आपल्याला अवघडायला नको, हाच हेतू बहुधा आत असतो. बेला डिपॉलो यांनी 1996 साली लोकांना आपलं रोजचं खोटं वहीत टिपायला लावलं, तेव्हा स्वतःसाठी बोललेलं खोटंच एकूण जास्त निघालं. म्हणून शंका असेल तिथे खऱ्याच्या बाजूला झुकावं.

मनुस्मृतीत प्रिय बोलावं आणि अप्रिय सत्य टाळावं असं सांगितलं आहे, हे आपण हटकून आठवतो. प्रिय असलं तरी खोटं बोलू नये, हे त्याच श्लोकात पुढे आहे, ते सोडून देतो. या दोन्हींच्या मध्ये गप्प राहायला जागा आहे, आणि समारंभात ती पुरते. पण कोणी समोर बसून ‘खरं सांग’ म्हणालं, की ती जागा संपते. तिथे नकार असेल तर त्याच दिवशी कळवावा, आणि उणीव असेल तर नेमकी दाखवावी.