पी/ई नावाचा अपूर्णांक आणि डबल झालेला डिव्हिडंड

आमच्या टीममधल्या एकाने परवा मला एक एक्सेल शीट पाठवली. त्यात तीन सेल होत्या आणि खाली उत्तर. पहिल्या सेलमध्ये ४० टक्के होतं, ते त्याने ८० केलं आणि उत्तर १० चं २० झालं. सोबत एका ओळीची मेल: "अरे, ही कंपनी डिव्हिडंड डबल करणार अशी बातमी आहे. म्हणजे भाव डबल. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटचे सहा लाख चार महिने पडूनच आहेत, टाकू का?"

कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. शीटमधलं सूत्र बरोबर होतं, टाईप करतानाही काही चुकलेलं नव्हतं. तरीही उत्तर साफ चूक होतं. का, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

आधी सूत्र कुठून आलं ते बघू. शेअर घेतला की तुमच्या हातात दोन गोष्टी पडतात: यंदाचा डिव्हिडंड, आणि तो दरवर्षी वाढत जाण्याची आशा. वाढीचा दर कायम सारखा धरला (हे धाडसी गृहीत आहे, त्याकडे नंतर येतो), तर तुमचा वार्षिक परतावा म्हणजे पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड भागिले भाव, अधिक वाढीचा दर. बस्स, एवढंच. ज्यांना इंजिनिअरिंगची भूमितीय श्रेणी आठवते त्यांनी भविष्यातल्या सगळ्या डिव्हिडंडची आजची किंमत काढून बेरीज करावी, तेच येतं. जॉन बर विल्यम्सने १९३८ मध्ये हा विचार पुस्तकात मांडला होता, पण नाव चिकटलं ते मायरन गॉर्डनचं. असो.

आता डिव्हिडंड म्हणजे नफ्याचा काही हिस्सा. त्या हिश्श्याला पेआउट म्हणतात. दोन्ही बाजूंना नफ्याने भागलं की हे मिळतं:

```
P/E = payout / (k - g)
```

यात `k` म्हणजे तुम्हाला या शेअरमधून वर्षाला किती टक्के हवेत, आणि `g` म्हणजे वाढीचा दर. इथला नफा पुढच्या वर्षीचा आहे हे लक्षात ठेवा. पेपरात छापून येतो तो पी/ई बहुतेक वेळा मागच्या बारा महिन्यांचा असतो, तो `(1 + g)` पटीने मोठा दिसतो. मित्राच्या शीटमध्ये पेआउट ४० टक्के, `k` १३ टक्के, `g` ९ टक्के. फरक ४ टक्के, आणि ०.४० भागिले ०.०४ म्हणजे १०. सरळ आहे.

घोळ असा की त्याच्या शीटमध्ये ९ टक्के हा आकडा हाताने टाईप केलेला होता. आपल्या भाषेत, हार्डकोडेड. पण वाढ काही आभाळातून पडत नाही. कंपनी नफ्यातले शंभरातले ४० वाटते, ६० ठेवून घेते आणि त्यातून नवी मशीन, नवं गोदाम, नवा माल घेते. त्या ६० रुपयांवर तिला १५ टक्के मिळत असतील, तर पुढच्या वर्षी ९ रुपये जास्त नफा. शंभरावर ९, म्हणजे ९ टक्के. `g` चा जन्म हा असा. तो सेल खरं तर असा हवा:

```
g = ROE * (1 - payout)
```

आता पेआउट ८० टक्के करा. ठेवायला उरले २० रुपये, त्यांवर १५ टक्के म्हणजे ३ रुपये, म्हणून वाढ ३ टक्के. खालचा फरक ४ वरून थेट १० टक्क्यांवर गेला. ०.८० भागिले ०.१० म्हणजे ८. डिव्हिडंड दुप्पट केला आणि पी/ई १० वरून ८ वर आला! बातमी खरी ठरली असती आणि बाजाराने हेच गणित केलं असतं, तर सहा लाखांचे चार लाख ऐंशी हजार.

मी त्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मग डिव्हिडंड वाढवणं वाईटच की काय?" नाही. इथेच खरी मजा आहे.

समजा हीच कंपनी ठेवलेल्या पैशावर १५ ऐवजी फक्त ८ टक्के कमावते. पेआउट ४० असेल तर वाढ ४.८ टक्के, फरक ८.२, पी/ई ४.९. पेआउट ८० केला तर वाढ १.६, फरक ११.४, आणि पी/ई ७.०. आता डिव्हिडंड वाढवल्यावर भाव चढला. कारण उघड आहे. तुम्हाला १३ टक्के हवेत आणि कंपनी तुमचे पैसे अडकवून ८ टक्क्यांनी वाढवते आहे, तर तिने ते पैसे तुम्हाला परत केलेले बरे. आणि कमाई नेमकी १३ टक्के असेल तर? ४० चा पेआउट घ्या वा ८० चा, पी/ई ७.७ च येतो, म्हणजे १ भागिले ०.१३. काहीही वाटा, काहीही ठेवा, फरक शून्य. शीटमध्ये स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

म्हणून पेआउटकडे बघण्याआधी बघायचं ते हे: कंपनी नव्याने गुंतवलेल्या पैशावर `k` पेक्षा जास्त कमावते की कमी? ज्या कंपन्यांची वर्षानुवर्षं वाढ होते पण पी/ई ६-७ च्या वर हलत नाही, त्यांच्याबद्दल लोक म्हणतात की "बाजाराला कळत नाही". बरेचदा बाजाराला नीट कळलेलं असतं. वाढ आहे, पण ती विकत घेतलेली आहे, आणि महाग घेतलेली आहे.

आता दुसरं टोक, आपल्या सगळ्यांच्या बाथरूममध्ये असलेली कंपनी, हिंदुस्थान युनिलिव्हर. २०२२-२३ मध्ये तिचा प्रति शेअर नफा साधारण ४२ रुपये, त्यातले ३९ रुपये डिव्हिडंड. मार्च २०२३ अखेर भाव अडीच हजारांच्या थोडा वर. मागच्या नफ्यावर पी/ई ६० च्या आसपास, पुढच्या वर्षी ९ टक्के वाढ धरली तर पुढच्या नफ्यावर ५५. पेआउट सुमारे ९२ टक्के.

इथे सूत्र उलटं चालवायचं. ०.९२ भागिले ५५ म्हणजे जवळजवळ १.७ टक्के. `k` आणि `g` मधला फरक एवढाच! तुम्हाला ११ टक्के हवे असतील, तर हा भाव देणारा माणूस नकळत म्हणतोय की नफा कायम ९.३ टक्क्यांनी वाढणार. आणि कंपनी ठेवते फक्त ८ टक्के. ८ रुपयांतून ९.३ रुपयांची वाढ, म्हणजे नव्या पैशावर वर्षाला शंभर टक्क्यांहून जास्त कमाई हवी.

ताळेबंदातला आरओई बघितला तर तो २० टक्क्यांच्या आसपास. त्याने वाढ येते जेमतेम १.६ टक्के. म्हणजे ५५ हा शुद्ध वेडेपणा? थांबा. एप्रिल २०२० मध्ये जीएसके कन्झ्युमर हेल्थकेअर (हॉर्लिक्सवाली) हिच्यात विलीन झाली, ती नवे शेअर देऊन. त्यामुळे कंपनीची निव्वळ मालमत्ता सुमारे ८ हजार कोटींवरून ४७ हजार कोटींवर गेली. वाढ झाली ती मुख्यतः गुडविल आणि ब्रँडच्या किमतीची. आधी पावणेसात हजार कोटींच्या नफ्यावर आरओई ८० टक्क्यांच्या वर होता, तो एका वर्षात कोसळला. साबणाचा धंदा मात्र तोच राहिला. सूत्रात हवी असते ती नव्या रुपयावरची कमाई, आणि ताळेबंद सांगतो जुन्या सगळ्या रुपयांवरची. हे दोन आकडे जिथे वेगळे होतात तिथे सूत्र आंधळेपणाने चालवू नये.

शिवाय अशा कंपनीची बरीच वाढ भांडवलाशिवाय येते. महागाई वाढली की साबणाचा भावही वाढतो, त्यासाठी नवा कारखाना लागत नाही. जाहिरातीवरचा खर्च ही खरी तर गुंतवणूक, पण ती त्याच वर्षी खर्चात जाते, "ठेवलेल्या" पैशात दिसत नाही. म्हणून १.६ टक्के हा आकडा फार कमी आहे. तरी जुना ८४ टक्क्यांचा आरओई धरला तरी ६.७ टक्केच वाढ निघते, ९.३ नाही. उरलेलं महागाईने भरून काढायचं, किंवा `k` ११ पेक्षा कमी आहे असं मानायचं. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं: लोक अशा शेअरकडे जवळपास रोख्यासारखं बघतात आणि कमी परताव्यावर खूश असतात.

पण त्याची किंमत असते. फरक १.७ टक्के असताना लोकांची अपेक्षा फक्त १ टक्क्याने वाढली, समजा सरकारी रोखेच जास्त व्याज द्यायला लागले, तर ०.९२ भागिले ०.०२७ म्हणजे ३४. नफा तोच, धंदा तोच, भाव जवळजवळ ३८ टक्के खाली. मित्राच्या १० पी/ईच्या कंपनीत तोच १ टक्का पी/ई ८ वर आणतो, म्हणजे २० टक्के घट. छेद जितका लहान तितकी तो हलल्यावर पडझड मोठी. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये युनिलिव्हरचा नफा दीड-दोन टक्केच वाढला आणि वर्षअखेर भाव सव्वादोन हजारांच्या आसपास आला. एका वर्षाने "कायमचा" दर ठरत नाही हे खरं, पण इतक्या बारीक फरकावर उभा असलेला भाव एका वर्षाकडेही लक्ष देतो.

`g` हा `k` च्या जवळ नेला की उत्तर ४०, १००, हवं तितकं मोठं येतं. ओलांडला तर ऋण येतं. एक्सेल बिचारं एरर देत नाही, निमूट उणे आकडा दाखवतं. अशा वेळी आपलं `g` तपासायचं: जी कंपनी कायमच देशाच्या उत्पन्नापेक्षा वेगाने वाढते, ती कधीतरी देशापेक्षा मोठी होईल. ८-१० वर्षं जोरात वाढणाऱ्या कंपनीला हे एका ओळीचं सूत्र लावूच नये. ती जोराची वर्षं वेगळी मोजावी, आणि वाढ थंडावल्यानंतर शेवटी हे वापरावं.

मित्राने शीट दुरुस्त करून परत पाठवली आहे. `g` ची सेल आता सूत्राने भरते, आणि `k - g` दोन टक्क्यांच्या खाली गेलं की ती लाल होते. डाऊन पेमेंटचे पैसे एफडीत आहेत, बिल्डर पुढच्या महिन्यात स्लॅबचा हप्ता मागणार आहे :)