१२८ जीबीत न मावलेलं

माझ्या लॅपटॉपच्या खोक्यावर १२८ जीबी असं छापलेलं होतं. विंडोज तीच जागा ११९ दाखवतं, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या. त्यातून विंडोज, त्याची अपडेट्स आणि रोजची सॉफ्टवेअर वजा केली की माझ्या वाट्याला साठेक जीबी उरतात.

अनुवाद ठेवायला एवढी जागा खरं तर पुष्कळ झाली. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, तरी ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीचा निव्वळ मजकूर दीड-दोन एमबीत बसतो. जागा खातं ते मूळ. रंगीत स्कॅन केलेलं एक ए-फोर पान मूळ दर्जात ठेवलं तर २६ एमबी होतं, म्हणजे चारशे पानांचं दुर्मीळ पुस्तक दहा जीबी. आणि ध्वनिमुद्रण चांगल्या दर्जाचं असेल तर तासाला सहाशे एमबी.

एका कन्नड कादंबरीचा अनुवाद करताना मी धारवाडला लेखकाकडे जाऊन चाळीस तासांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. एकूण चोवीस जीबी. लॅपटॉपवरच्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये ते ठेवलं होतं, म्हणून निर्धास्त होते. रेकॉर्डरचं कार्ड पुसून पुन्हा वापरलंही. पुढे लॅपटॉपवर तीन जीबी उरले, विंडोज अपडेट घेईना. तेव्हा मी पहिले चौदा तास ‘कट’ करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ‘पेस्ट’ केले. तीन आठवड्यांनी उरलेले सव्वीस. माझा हिशेब असा, की एक प्रत डिस्कवर आहे आणि एक क्लाउडवर.

तो हिशेब चुकीचा होता. क्लाउडचं फोल्डर ही तिजोरी नव्हे, आरसा आहे. लॅपटॉपवरच्या त्या फोल्डरमधून फाइल बाहेर नेली, की क्लाउडच्या लेखी ती पुसली गेली. ‘कट’ केलेली फाइल लॅपटॉपच्या कचरापेटीतही जात नाही. ती जाते क्लाउडच्या कचरापेटीत, आणि माझ्या सेवेत तिथे ती तीस दिवस राहते.

दुसऱ्या खेपेनंतर पंधरा दिवसांनी डिस्क टेबलावरून पडली. लॅपटॉपला लावली तर आतून टक् टक् आवाज येई आणि स्क्रीनवर ती दिसेना. तरी मी घाबरले नाही. फोनवर क्लाउड उघडलं तेव्हा फोल्डर रिकामं. कचरापेटीत पंधरा दिवसांपूर्वीचे सव्वीस तास होते. ते परत आले. पहिल्या चौदा तासांना छत्तीस दिवस झाले होते. डिस्क दुरुस्त करणाऱ्यांनी दोन आठवडे प्रयत्न करून ती तशीच परत दिली. लेखक तोवर वारले होते.

त्या चौदा तासांत ‘हद’ हा शब्द होता. पेरणीसाठी जमीन जशी हवी तशी ओली असणं, म्हणजे आपला ‘वाफसा’. तो मी अनुवादात घेतलाही. पण त्या दिवशी लेखकाच्या पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या की कणकेलाही हद असते, आणि मग दोघांचा बराच वेळ वाद चालला होता. वाफसा कणकेला येत नाही. त्या वादातली उदाहरणं मला पुढच्या प्रकरणांसाठी हवी होती. आता वहीत एवढंच आहे : ‘हद — कणीकसुद्धा. रेकॉर्डिंग ऐकणे.’

लॅपटॉप अजून तोच आहे. बदलली ती पद्धत. बाहेर न्यायची फाइल मी ‘कट’ करत नाही, ‘कॉपी’ करते. मग दोन्ही फोल्डरच्या `Properties` उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळवते, आणि डिस्कवरच्या दोन-तीन फाइली शेवटपर्यंत ऐकते. डिस्क दोन आहेत. दुसरी बहिणीच्या घरी असते. हे झालं की लॅपटॉपवरच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून `Free up space` म्हणते. त्याने फाइल क्लाउडवर राहते आणि इथे फक्त नाव उरतं, शेजारी ढगाचं चिन्ह. त्याच यादीत `Delete` ही असतं, म्हणून दर वेळी शब्द वाचूनच दाबते.

ढगाचं चिन्ह असलेली फाइल नेटशिवाय उघडत नाही, हे गाडीत बसल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून प्रवासाआधी चालू पुस्तकाच्या फोल्डरवर `Always keep on this device` करते आणि चिन्ह हिरवं होईपर्यंत थांबते.

मागच्या महिन्यात धारवाडला गेले होते. लेखकाच्या पत्नींना कणकेच्या हदीबद्दल पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं, पण एकट्यानेच. वाद घालायला समोर कोणी नव्हतं.